व्हायोलिन पिकअपचा बफर: सी2 कपॅसिटर काय करतो

पिएझो पिकअप म्हणजे विजेच्या भाषेत छोटा कपॅसिटरच, साधारण 1 नॅनोफॅरॅडचा. त्याच्यापुढे जितका कमी रेझिस्टन्स, तितके खालचे सूर जास्त कापले जातात.

आमच्या बफरमध्ये बीसी549सी ट्रान्झिस्टर 12 व्होल्टवर एमिटर फॉलोअर म्हणून चालतो आणि एमिटरला 4.7 किलोओहम आहे. आर1 आणि आर2 (दोन्ही 100 किलोओहम) सप्लायचे दोन भाग करतात. त्यांच्या मधल्या जोडापासून बेसपर्यंत आर3, तोही 100 किलोओहम. एवढ्यावरच थांबलो, तर इनपुटला जेमतेम 140 किलोओहम मिळतात आणि 1100 हर्ट्झच्या खालचा आवाज पडू लागतो. व्हायोलिनची जाड तार तर 196 हर्ट्झवर असते!

म्हणून एमिटरपासून त्या मधल्या जोडाला 10 मायक्रोफॅरॅडचा सी2 लावला आहे. बेस हलला की एमिटर जवळजवळ तितकाच, सुमारे 99.4 टक्के, हलतो आणि सी2मधून तो जोडही सोबत हलतो. आर3च्या दोन्ही टोकांत फरकच उरत नाही, त्यामुळे त्यातून सिग्नलचा करंट जवळपास वाहत नाही. पिकअपला तो 100 किलोओहम 17 मेगोहमसारखा भासतो. या युक्तीलाच बूटस्ट्रॅपिंग म्हणतात.

तरीही एकूण इनपुट 17 मेगोहम होत नाही. ट्रान्झिस्टरचा करंट गेन 400 धरला तर त्याच्या बेसचाच रेझिस्टन्स 1.7 मेगोहमच्या आसपास असतो, त्यामुळे हाती सुमारे 1.5 मेगोहम येतात. आता आवाज 106 हर्ट्झच्या खाली पडू लागतो. पुढे 10 किलोओहमचा मिक्सर जोडला की इनपुट 1.1 मेगोहमवर येतं. 10 किलोओहमहून कमी इनपुटचं उपकरण जोडू नका. एक मर्यादा मात्र राहते: आर3ची स्वतःची खरखर बूटस्ट्रॅपिंगने जात नाही.

सी2 बदलताना पोलॅरिटी नीट पाहा. एमिटरवर 5 व्होल्ट आणि मधल्या जोडावर 5.9 व्होल्ट असतात, म्हणजे प्लस टोक एमिटरकडे नव्हे, जोडाकडे. उलटा लावला तर लगेच काही बिघडत नाही, पण हळूहळू लीकेज वाढून बायस सरकतं. सी2 पूर्ण शॉर्ट झाला तर एमिटरवर अर्धा व्होल्टच दिसेल.

तो सुकून ओपन झाला असेल तर मीटर फसवतो, कारण सगळे डीसी व्होल्टेज बरोबर येतात आणि आवाज तेवढा पातळ होतो. तेव्हा पिकअप काढून सिग्नल जनरेटरचा 1 किलोहर्ट्झ, 100 मिलिव्होल्टचा सिग्नल द्या आणि आउटपुट मोजा. मग जनरेटर आणि इनपुट यांच्यामध्ये 1 मेगोहम घालून पुन्हा मोजा. मिक्सर न जोडता आउटपुट 60 टक्क्यांच्या आसपास राहिलं तर सी2 ठीक आहे. 12 टक्क्यांवर आलं तर तो बदला. मीटर इनपुटला लावू नका, त्याचाच भार आकडा बिघडवतो.