सक्रियता सिद्धांत आणि अलिप्तता सिद्धांत

म्हातारपण समाधानात कसे जाते, या प्रश्नाला वार्धक्यशास्त्राने दिलेली ही दोन एकमेकांविरुद्धची उत्तरे आहेत. सक्रियता सिद्धांत म्हणतो की मध्यमवयातली कामे, नाती आणि उठबस माणूस जितकी टिकवून धरेल, तितका तो उतारवयात समाधानी राहील. आणि नोकरी किंवा जोडीदार यांसारखे काही सुटलेच, तर त्या जागी दुसरे काही आले पाहिजे. अलिप्तता सिद्धांताचे म्हणणे याच्या उलट आहे. वय वाढले की माणूस आपणहून मागे सरतो, समाजही त्याच्यावरची जबाबदारी काढून घेतो, आणि हे दोन्ही बाजूंनी सुटणे व्यवस्थित झाले तर त्यातच दोघांचे भले असते.

दोन्ही सिद्धांतांची मुळे शिकागो विद्यापीठातल्या एकाच वर्तुळात आहेत. त्या वर्तुळाने अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांच्या मुलाखती काही वर्षे पुन्हापुन्हा घेतल्या होत्या. त्यांच्या आधारे इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी १९६१ साली अलिप्तता सिद्धांत मांडला. रॉबर्ट हॅविगहर्स्ट हे सक्रियतेच्या बाजूचे मुख्य नाव. त्यांनी बर्निस न्यूगार्टन आणि शेल्डन टोबिन यांच्यासह त्याच वर्षी जीवनसमाधान मोजणारी वीस विधानांची प्रश्नावली तयार केली. ‘माझ्या आयुष्यातला हा सर्वांत रटाळ काळ आहे’ अशा धाटणीच्या विधानांशी सहमत, असहमत की सांगता येत नाही, एवढेच त्यात विचारले जाते. तिच्यामुळे ‘कोण किती कामात आहे’ व ‘कोण किती समाधानी आहे’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजून शेजारी ठेवणे सोपे झाले.

अलिप्तता सिद्धांत आज पाठ्यपुस्तकांत चुकलेला सिद्धांत म्हणून शिकवला जातो. सुटणे सगळीकडे आणि अटळपणे घडते, हा त्याचा दावा टिकला नाही हे खरेच. पण त्यातला एक भाग मात्र आजही कामाचा आहे आणि नेमका तोच सहसा वगळला जातो. कमिंग आणि हेन्री यांनी ‘तयारी’ दोन ठिकाणी पाहिली: माणसाची तयारी आणि समाजाची तयारी. दोघेही तयार असले तर सुटणे सुरळीत होते. दोघेही तयार नसले तर माणूस कामात राहतो. अडचण उरलेल्या दोन स्थितींत आहे. समाज तयार आणि माणूस तयार नाही, तेव्हा बहुधा माणसाला सुटावे लागते. माणूस तयार आणि समाज तयार नाही, तेव्हा बहुधा त्याला गुंतून राहावे लागते. म्हणजे जुळले नाही की शेवटचा शब्द समाजाचा, हे सिद्धांतातच लिहिलेले आहे. टीकाकारांनी त्याला ‘वृद्धांना बाजूला सारण्याचे समर्थन’ म्हटले. पण समर्थन बाजूला ठेवून वर्णन म्हणून वाचले, तर ठाणे-नवी मुंबईतली कितीतरी घरे त्यात ओळखू येतात.

तिसऱ्या स्थितीचे एक नमुना-उदाहरण घेऊ. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षे काम केलेले सुपरवायझर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. नेरुळला स्वतःचे घर आहे, तब्येत ठणठणीत आहे. कंपनी त्यांना सोडायला तयार होती, ते कंपनी सोडायला तयार नव्हते. सक्रियता सिद्धांत इथे भरपाई सुचवतो, आणि घरचेही तेच सुचवतात. वर्षभरात काका सोसायटीच्या कमिटीवर येतात, ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद होतात, महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात जातात, सकाळी फिरायला जातात, घरी शब्दकोडी सोडवतात. मोजदाद केली तर पाच नवे उद्योग. तरीही प्रश्नावलीवर त्यांचे समाधान कमीच भरते. असे का, याचे उत्तर उद्योगांच्या प्रकारात शोधावे लागते.

ब्रूस लेमन, व्हर्न बेंगट्सन आणि जेम्स पीटरसन यांनी १९७२ साली सक्रियता सिद्धांताची रीतसर चाचणी घेतली. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका निवृत्तांच्या वसाहतीत राहायला येऊ घातलेली ४११ माणसे त्यांनी निवडली आणि त्यांचे उद्योग तीन भागांत वाटले: मित्र, नातेवाईक, शेजारी यांच्याशी होणारी अनौपचारिक ऊठबस, संस्था-मंडळांमधला औपचारिक सहभाग, आणि एकट्याने करायच्या गोष्टी. समाधानाशी म्हणण्यासारखा संबंध दिसला तो फक्त मित्रांबरोबरच्या उठबशीचा. मंडळांच्या बैठका, एकट्याचे छंद, एवढेच काय नातेवाइकांकडे जाणे-येणेसुद्धा समाधानाशी ठळकपणे जोडलेले निघाले नाही. पुढे १९८२ मध्ये चार्ल्स लाँजिनो आणि कॅरी कार्ट यांनी हीच चाचणी वेगळ्या वसाहतींत पुन्हा केली. तेव्हा अनौपचारिक संबंधांची बाजू आणखी भक्कम झाली, आणि औपचारिक सहभागाचा समाधानाशी असलेला संबंध चक्क उलटा आला. कमिटीवर काम केलेल्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

सक्रियतेच्या बाजूने यामागचे कारण असे सांगितले जाते: माणसाला आपण कोण आहोत याची खात्री इतरांकडून मिळत असते, आणि ती जवळची माणसे जितकी देतात तितकी सभा-बैठका देत नाहीत. आपल्या सुपरवायझर काकांना कारखान्यात पगार मिळत होता, तशी सकाळच्या कंपनी बसमधली तीस वर्षांची संगतही मिळत होती. पाच उद्योगांपैकी एकानेही ती जागा भरली नाही. विरंगुळा केंद्रात कॅरमच्या टेबलाभोवती रोज तीच चारपाच डोकी जमू लागली, एकमेकांच्या औषधांच्या वेळा ठाऊक झाल्या, न आलेल्याच्या घरी फोन जाऊ लागला, की मग चित्र बदलते. म्हणजे केंद्राच्या रजिस्टरवरचे नाव औपचारिक सहभाग झाला आणि कॅरमचे टेबल अनौपचारिक. पाहणी करणारा दोन्ही एकाच रकान्यात टाकतो, आणि सगळा घोळ तिथे होतो.

चौथी स्थिती बायकांच्या वाट्याला जास्त येते. कमिंग-हेन्री यांच्या मते पुरुषाची मुख्य भूमिका नोकरी आणि बाईची संसार. त्यामुळे पुरुषाचे सुटणे निवृत्तीपासून सुरू होते, बाईचे वैधव्यापासून. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये हे गणित बसत नाही. मुलगा आणि सून दोघेही सकाळी बाहेर पडतात. पासष्टीच्या आजींकडे नातवाची स्कूलबस, त्याचा डबा, दुपारचे जेवण, संध्याकाळचा क्लास आणि येणाऱ्या कुरियरवाल्यांपासून गॅसवाल्यापर्यंत सगळे असते. कामे मोजली तर सक्रियता सिद्धांताच्या हिशेबात त्या सुपरवायझर काकांच्या कितीतरी पुढे. पण त्यांना विचारले तर त्या म्हणतील, ‘दुपारी तासभर पाठ टेकायला मिळाली तरी पुष्कळ.’ त्यांची सुटायची तयारी आहे, घर त्यांना सोडायला तयार नाही. अशा वेळी आणखी सक्रिय व्हा हा सल्ला देणे म्हणजे थट्टाच. उलटही घडते: नातू मोठा होतो, मुलगा बदली होऊन जातो, आणि ज्या कामाने त्या दमत होत्या ते एका महिन्यात संपते. मग त्याच आजी तिसऱ्या स्थितीत जाऊन पडतात.

मागे सरणे स्वखुशीचे आहे की लादलेले, हे नुसत्या कामांच्या मोजणीतून कळत नाही, पण क्रम विचारला तर बऱ्याच अंशी कळते. आधी काय सुटले, ते कोणी ठरवले, त्याच्या जागी काय आले, आणि उद्या परत मिळाले तर घ्याल का? शेवटच्या प्रश्नाला ‘नको, झाले तेवढे पुरे’ असे सहज उत्तर देणारी माणसे असतात, आणि ती दुःखी नसतात. न्यूगार्टन, हॅविगहर्स्ट आणि टोबिन यांनी कॅन्सस सिटीतल्याच सत्तर ते एकोणऐंशी वर्षांच्या लोकांची स्वभावानुसार विभागणी केली, तेव्हा त्यांना असा एक गट स्पष्ट दिसला: कामे थोडी, समाधान भरपूर, स्वभाव शांत. त्याच वेळी खूप कामे करणारे समाधानी लोकही दिसले, आणि कामे व समाधान दोन्ही कमी असलेलेही. एकाच माहितीत दोन्ही सिद्धांतांना साक्षीदार मिळाले, म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस वादाचा रोख ‘कोणता सिद्धांत खरा’ यावरून ‘कोणत्या स्वभावाला काय मानवते’ याकडे वळला. रॉबर्ट ॲचली यांचा सातत्य सिद्धांत याच वाटेने पुढे आला: माणूस म्हातारपणी आपल्या जुन्याच सवयींच्या आधाराने बदल पचवतो.

अलिप्तता सिद्धांतावरचा सर्वांत नेमका आक्षेप समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशिल्ड यांनी १९७५ साली घेतला. जो वृद्ध अजून कामात आहे त्याला ‘याचे सुटणे उशिरा होणार’ किंवा ‘हा अपवाद’ म्हणता येत असेल, तर सिद्धांत खोटा ठरवायचा तरी कसा? शिवाय माणूस एका ठिकाणाहून सुटतो आणि दुसरीकडे गुंततो, हे त्यात नीट धरलेले नाही. वाशीच्या घाऊक बाजारात आयुष्यभर पाठीवर ओझे वाहिलेला साताऱ्याकडचा माथाडी कामगार पाठ साथ देईनाशी झाली की गावी परततो. कोपरखैरण्यात त्याची पाहणी केली तर तो सगळ्यातून बाहेर पडलेला दिसेल. गावच्या यात्रेच्या वर्गणीची वही मात्र त्याच्याच हातात असते.

सक्रियता सिद्धांताची दुखरी जागा वेगळी आहे. सक्रिय लोक समाधानी असतात, हे बहुतेक पाहण्यांत दिसते. पण ज्यांचे गुडघे, कान आणि पैसा शाबूत आहे तेच सक्रिय राहू शकतात आणि समाधानीही असतात, ही शक्यता त्यातून पुसली जात नाही. विरंगुळा केंद्रात बसून पाहणी केली तर केंद्रापर्यंत पोहोचू शकणारेच भेटतात. नवी मुंबईत सिडकोने बांधलेल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींत हे फार जवळून दिसते. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा गुडघा बिघडतो. आधी संध्याकाळचा बाजार बंद होतो, मग हळदीकुंकू, मग बागेतला कट्टा. सहा महिन्यांत त्या अलिप्तता सिद्धांताच्या वर्णनात हुबेहूब बसतात, पण इथे स्वभावाने किंवा समाजाने काहीच ठरवलेले नसते. इमारत पुनर्विकासाला गेली आणि बाई दोन-अडीच वर्षांसाठी लिफ्ट असलेल्या भाड्याच्या घरात राहायला गेल्या, तर पाहणीला दुसरी बाजू मिळते: कट्टा परत सुरू झाला तर मागे सरणे जिन्यामुळे होते, लिफ्ट असूनही त्या घरीच रमल्या, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल. अर्थात नव्या वस्तीत जुन्या मैत्रिणी नसतात, त्यामुळे ही चाचणीही पूर्ण निर्भेळ नाही.