गोदामाची खरी क्षमता

"गोदामाचं घनफळ भागिले पॅलेटचं घनफळ, एवढ्या पॅलेट बसतात ना?"

नाही. 30 × 20 × 8 मीटरच्या गोदामात 1.8 घनमीटरच्या 2,666 पॅलेट कागदावरच बसतात. रॅकमध्ये पॅलेट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या रीच ट्रकसाठी रॅकच्या ओळींमध्ये सुमारे तीन मीटरची वाट लागते. समोर मालाच्या चढउतारासाठी मोकळी जागा, वर स्प्रिंकलरखाली अंतर आणि रॅकच्या प्रत्येक मजल्यावर बीम व पॅलेट उचलण्यापुरती फट सोडावी लागते. मग सहा ओळी, ओळीत वीस, चार मजले: 480 जागा, म्हणजे घनफळाच्या जेमतेम 18 टक्के.

खर्च काढतानाही भागाकार या 480 ने करू नका. महिन्याचा खर्च 48,000 धरला तर जागेमागे 100 पडतात; पण सरासरी 360 जागाच भरलेल्या असतील, तर पॅलेटमागे 133. पॅलेटवर 40 ऐवजी 20 खोकीच असली, तर खोक्यामागचा खर्च 3.33 वरून 6.67 वर जातो, आणि अहवालात मात्र ती जागा 'भरलेली' दिसते. म्हणून खोकीसुद्धा मोजा.