बारा महिन्यांचं भाडं आगाऊ, परतावा किती?

“जळगावात घरमालक म्हणतात, वर्षाचं भाडं एकदम द्या, एक महिना माफ. म्हणजे सव्वाआठ टक्केच सुटले ना? मग एफडी काय वाईट?”

नाही, हा परतावा वीस टक्क्यांच्या आसपास आहे. भाडं 8,000 धरा. आज 88,000 द्यायचे, पण पहिले 8,000 तसेही आजच द्यावे लागले असते. म्हणजे आगाऊ गेले 80,000, वाचले 8,000. हे 80,000 पूर्ण वर्ष अडकत नाहीत. कुठला हप्ता एक महिना आधी जातो, कुठला अकरा, सरासरी सहा. सहा महिन्यांत दहा टक्के!

पण करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. मग माफीचा बारावा महिना कराराबाहेरच राहतो. मुदत बाराची करून घ्या, आणि मध्येच घर सोडलं तर उरलेलं भाडं परत मिळेल हेही लिहून घ्या. दहाव्या महिन्यात बदली झाली आणि पैसे परत मिळणार नसतील, तर उलट 8,000 बुडतात.