मेल सर्व्हर नॅटमागे असणे आणि त्याचा पत्ता बदलत राहणे: बिघाड नेमका कुणामुळे?

राऊटरमागे ठेवलेल्या मेल सर्व्हरचे काही बिनसले की दोष बहुधा नॅटच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात अशा ठिकाणी दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र नांदत असतात. पहिली म्हणजे नॅट व पोर्ट फॉरवर्डिंग, ज्यात राऊटर येणाऱ्याजाणाऱ्या पॅकेटांवरचे पत्ते बदलतो. दुसरी म्हणजे इंटरनेट पुरवठादाराने दिलेला आणि अधूनमधून बदलणारा सार्वजनिक पत्ता. पहिलीमुळे समोर कोण आहे हे सर्व्हरला चुकीचे कळू शकते, तर दुसरीमुळे सर्व्हर कुठे आहे आणि कोण आहे याची बाहेरच्यांना खात्री पटत नाही. दोन्हींची लक्षणे वरवर सारखी दिसत असली, तरी उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत. शंका आल्यास स्वतःला एकच प्रश्न विचारावा: उद्या स्थिर पत्ता मिळाला, तर हा बिघाड जाईल का?

एक मांडणी गृहीत धरू. सर्व्हर `192.168.1.20` वर आहे, राऊटरचा आतला पत्ता `192.168.1.1` आहे, बाहेरचा पत्ता आज `203.0.113.47` आहे आणि डोमेनची मेल कुठे पोहोचवायची हे सांगणारी एमएक्स नोंद `mail.example.org` या नावाकडे बोट दाखवते. राऊटरने बाहेरून आलेले पोर्ट २५ आत वळवले आहे. (राऊटरच्या बाहेरच्या बाजूलाच `100.64` ते `100.127` यांतला पत्ता दिसत असेल, तर पुरवठादाराकडे आणखी एक नॅट आहे, तिथे आपल्या फॉरवर्डिंगला काहीच अर्थ उरत नाही आणि पुढचे सारे गैरलागू ठरते.)

आधी नॅटचे पाहू, कारण यातला सर्वांत घातक दोष मेल अडवत नाही, उलट नको तेवढी मेल जाऊ देतो. नीट लिहिलेल्या फॉरवर्डिंगमध्ये राऊटर केवळ गंतव्य पत्ता बदलतो आणि पाठवणाऱ्याचा मूळ पत्ता तसाच राहतो. परंतु मास्करेडचा नियम सरसकट लावलेला असेल, तर आत येणाऱ्या जोडण्यांचा उगमपत्ताही बदलतो आणि साऱ्या जगाची मेल जणू राऊटरच पाठवतो आहे असे पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमला दिसू लागते. लॉगमध्ये ते असे उमटते:

```
connect from unknown[192.168.1.1]
```

एखाद्या दिवशी अशी एखादी ओळ दिसली तर त्यात विशेष नाही; बाहेरून आलेल्या प्रत्येक जोडणीला हीच ओळ दिसली, तर मात्र हातातले काम सोडून याकडे पाहावे. कार्यालयातल्या प्रिंटरला लॉगिनशिवाय मेल पाठवता यावी म्हणून कुणीतरी विश्वासाच्या जाळ्यांच्या `mynetworks` या यादीत `192.168.1.0/24` लिहिलेले असते. आता बाहेरचा प्रत्येक माणूस त्याच जाळ्यातला ठरतो आणि सर्व्हर कुणाचीही मेल कुणालाही पोहोचवू लागतो, म्हणजेच तो ओपन रिले होतो. शिवाय पाठवणाऱ्या पत्त्याला त्या डोमेनची परवानगी आहे का हे पाहणारी, येणाऱ्या मेलची एसपीएफ तपासणी राऊटरच्या पत्त्यावर होत असल्याने निरर्थक ठरते आणि चुकीचे पासवर्ड मोजून पत्ते रोखणारी यंत्रणा राऊटरलाच रोखून सगळी आवक बंद पाडते. दुरुस्ती दोन्ही टोकांना करावी लागते. राऊटर लिनक्सवर असेल आणि `eth0` ही बाहेरची बाजू असेल, तर मास्करेड त्या बाजूपुरताच ठेवावा. सर्व्हरवर विश्वासाचे जाळे आखूड करून प्रिंटरला पोर्ट ५८७ वर लॉगिन द्यावे.

```
iptables -t nat -A POSTROUTING -o eth0 -j MASQUERADE
postconf -e 'mynetworks = 127.0.0.0/8'
```

पहिला नियम जोडताना जुना सरसकट नियम काढायला विसरू नये. तो राहिला तर सगळे जैसे थे. या दोषाचा पत्ता बदलण्याशी काडीचाही संबंध नाही. स्थिर पत्त्यावरही तो तितकाच राहील.

आता बदलत्या पत्त्याकडे वळू. इथे आवक आणि जावक यांचे नशीब फारच वेगळे असते. समजा, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पत्ता `198.51.100.9` झाला, डायनॅमिक डीएनएसच्या स्क्रिप्टने पाच मिनिटांत नावाचा पत्ता सांगणारी ए नोंद बदलली आणि त्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती जपून ठेवण्याची मुदत, ३०० सेकंद आहे. म्हणजे दोन वीसपर्यंत काही सर्व्हर जुन्या पत्त्यावर धडकतील. तिथे कुणी उत्तर दिले नाही तर ते मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतात, आणि प्रमाणित पद्धतीनुसार चार ते पाच दिवस तरी हार मानत नाहीत. त्यामुळे मेल उशिरा येते, हरवत नाही. खरी जोखीम निराळी आहे: जुना पत्ता ज्याला मिळाला त्यानेही मेल सर्व्हर चालवला असेल, तर तो ५५४ सारखा कायमचा नकार देईल आणि पाठवणाऱ्याला मेल तात्काळ परत जाईल. टीटीएल एक दिवसाचा ठेवला असेल तर हा धोका दहा मिनिटांऐवजी दिवसभर राहतो. एमएक्स नोंदीचा टीटीएल मोठा असला तरी चालतो, कारण ती नावाकडे बोट दाखवते आणि नाव बदलत नाही. मात्र ते नाव सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाचे टोपणनाव, असू नये. डायनॅमिक डीएनएसचे नाव वापरायचे असेल तर एमएक्समध्ये थेट तेच लिहावे.

जावक मात्र स्क्रिप्टने सुधारत नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. ए नोंद आपल्या डोमेनमध्ये असते, म्हणून ती आपल्या हातात. पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद मात्र पत्त्याच्या मालकाकडे, म्हणजे पुरवठादाराकडे असते. बदलत्या पत्त्यांसाठी तो सहसा पत्त्याचे आकडे गुंफलेले एक ठोकळेबाज नाव लावून ठेवतो. समोरचा सर्व्हर ते नाव पाहतो, आपण जोडणीच्या सुरुवातीच्या नमस्कारात स्वतःचे म्हणून सांगितलेले `mail.example.org` पाहतो आणि मेल नाकारतो किंवा स्पॅममध्ये टाकतो. त्यातच असे पत्ते स्पॅमविरोधी याद्या चालवणाऱ्या स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत असू शकतात. त्या यादीत असणे म्हणजे स्पॅमचा आरोप नव्हे. या पत्त्यावरून थेट पोर्ट २५ ने मेल येणे अपेक्षित नाही, एवढेच ती सांगते. पण नाकारलेल्या मेलच्या मालकाला हा फरक समजावून काय उपयोग? दुसऱ्या याद्यांत आधीच्या वापरकर्त्याची करणीही वारशाने येऊ शकते. मेलवर डोमेनच्या नावाने केलेली डीकेआयएमची सही पत्त्यावर अवलंबून नसल्याने वैध राहते, तरीही जोडणीच्या पायरीवर मिळालेला नकार ती टाळू शकत नाही, कारण तोवर मेलचा मजकूर गेलेलाच नसतो.

म्हणून आवक स्वतःकडे ठेवावी आणि जावक स्थिर पत्त्याच्या रिले सर्व्हरमार्फत सोडावी, हे मला व्यवहार्य वाटते. पुरवठादाराने बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद केले असेल, तरी ही वाट खुली असते.

```
relayhost = [smtp.example.net]:587
```

यासोबत रिलेसाठी लॉगिन आणि टीएलएस लावावे लागते, आणि एसपीएफ नोंदीत त्या रिलेचा समावेश करावा लागतो. तो विसरल्यास तीच मेल वेगळ्या कारणाने अडते.

स्थिर पत्ता घेतला आणि पुरवठादाराने पीटीआर लावून दिली, तर रिले काढता येईल आणि स्क्रिप्टही थांबवता येईल. तरीही कार्यालयाच्या आत बसलेल्या माणसाचा लॅपटॉप `mail.example.org` ला जोडणार नाही, कारण आतून बाहेरच्या पत्त्यावर जाऊन परत आत वळणे अनेक राऊटरांना जमत नाही. तोच लॅपटॉप मोबाइलच्या इंटरनेटवर बिनतक्रार चालतो. हा शुद्ध नॅटचा दोष आहे, आणि तो झटपट मिटवण्याच्या नादातच पुष्कळदा तो सरसकट मास्करेड लावला जातो. त्याऐवजी आतल्या डीएनएसने या नावासाठी `192.168.1.20` हेच उत्तर द्यावे, म्हणजे पॅकेट राऊटरच्या नॅटपर्यंत जातच नाही.