भाड्याच्या सामानाची मोजदाद

सार्वजनिक कार्यक्रमासाठी खुर्च्या, सतरंज्या, ताटे, वाट्या, पातेली असे सामान भाड्याने आणताना ते मोजून ताब्यात घ्यायचे आणि परत करताना पुन्हा मोजून द्यायचे, या पद्धतीला मोजदाद म्हणतात. सामान देणारा आणि घेणारा दोघेही दोन्ही वेळा हजर असावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात परतीच्या मोजणीवर सगळ्यांचा डोळा असतो आणि आणतानाची मोजणी घाईत उरकली जाते. तुटीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या पहिल्या मोजणीत सापडते.

सामानासोबत येणाऱ्या पावतीवरचा आकडा हा देणाऱ्याचा दावा असतो. टेम्पो रिकामा होत असतानाच एकाने मोठ्याने मोजावे आणि दुसऱ्याने लिहावे. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी खूण करत गेले की मध्ये कोणी बोलायला आले तरी आकडा हरवत नाही. फरक निघाला तर पावतीवरचा आकडा खोडून नवा लिहायचा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. आधीच चेपलेली भांडी, तडा गेलेल्या खुर्च्या यांचीही नोंद त्याच वेळी करायची. नाहीतर संध्याकाळी ती मोडतोड घेणाऱ्याच्याच खात्यावर पडते.

खुर्च्यांचे काम त्या मानाने सोपे असते. एकाच साच्यातील प्लास्टिकच्या खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्यांत लावल्या, तर सगळ्या थप्प्यांची उंची सारखी भरते आणि कमी-जास्त थप्पी लांबूनही ओळखू येते. दोन वेगळ्या साच्यांच्या खुर्च्या एकाच थप्पीत आल्या की उंचीवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे एकेक पाठ मोजावी लागते. सतरंज्यांमध्ये फसगत वेगळी असते. एका गुंडाळीत दोन सतरंज्या सहज दडतात. म्हणून गुंडाळ्या मोजू नयेत. सतरंज्या सारख्या घड्या घालून, घडीची बंद कड बाहेर ठेवून रचाव्यात आणि त्या कडा मोजाव्यात.

खरी कसोटी लागते ती वाट्या, पेले आणि चमच्यांत. ही भांडी लहान असतात, एकमेकांत बसतात आणि हातोहात कुठेही जातात. समजा, पावतीवर 800 वाट्या आहेत आणि त्या 25 च्या गड्ड्यांत आल्या आहेत. गड्ड्या 32 भरल्या, पण त्या शेजारी-शेजारी उभ्या केल्यावर एक बुटकी दिसली. ती मोजली तर 21 निघाल्या. म्हणजे खरा आकडा 796, आणि तोच पावतीवर लिहिला गेला. जेवणे झाल्यावर, भांडी धुऊन कोरडी करून पुन्हा गड्ड्या लावल्या. पूर्ण 31 गड्ड्या आणि वर 9 सुट्या, म्हणजे 784. तूट 12 ची.

इथे लगेच भरपाईची भाषा सुरू करू नये. आधी खरकट्याचे पिंप उपसावे. त्यात 5 वाट्या सापडल्या. पिठाच्या आणि तेलाच्या डब्यांत माप म्हणून पडलेल्या 3 मिळाल्या. आता 792 झाल्या. मग गड्ड्यांकडे पुन्हा पाहिले, तर दोन गड्ड्या इतरांपेक्षा किंचित उंच होत्या. नीट न वाळलेल्या वाट्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटल्या होत्या की मोजणाऱ्याने जोडी एक म्हणून धरली होती. दोन्हीकडे एकेक वाटी वाढली आणि आकडा 794 वर गेला. शेवटी खरी तूट 2 ची ठरली. सकाळी पावती तशीच मान्य केली असती, तर याच शोधाशोधीनंतरही 6 वाट्यांचे पैसे भरावे लागले असते. त्यातल्या 4 तर कधी आल्याच नव्हत्या.

उलट प्रकारही घडतो: परतीला आकडा जास्त भरतो. तेव्हा खूश होण्याचे कारण नाही. घरून आणलेली भांडी भाड्याच्या ढिगात मिसळली आहेत किंवा पहिली मोजणी चुकली आहे, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय तीन घरचे पेले शिरले आणि भाड्याचे तीन हरवले, तर बेरीज अगदी चोख जुळते आणि घोळ कळतच नाही. म्हणून देणारे भांड्यांवर नाव ठोकून घेतात किंवा खुर्चीच्या पाठीमागे रंगाची खूण करतात. परतीला आकड्याबरोबर ही खूणही पाहायची. खूण नसलेले भांडे मोजणीत न धरता बाजूला काढायचे.

झाकणे, पळ्या, झारे यांची पावतीवर वेगळी ओळ मागून घ्यावी. ‘पातेले झाकणासह’ अशी एकत्र नोंद असली, तर झाकण हरवल्यावर एका झाकणाचे पैसे द्यायचे की अख्ख्या जोडीचे, यावर हमखास वाद होतो. हिशोब मिटल्यानंतर एखादी वस्तू सापडलीच, तर ती जुन्या पावतीचा क्रमांक सांगून परत करावी आणि कापलेल्या अनामतीतून तिचे पैसे वळते करून घ्यावेत. अशी सवलत किती दिवस मिळेल, हे सामान आणतानाच विचारून पावतीवर लिहून घेतात.