‘यायची तयारी आहे’ आणि ‘यायची तयारी झाली आहे’

दुसऱ्या शहरातल्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांना बायोडेटा आणि कव्हर लेटर यांतला फरक सांगत बसत नाही. बायोडेटात तुम्ही आजवर काय केलंत ते असतं, पत्रात त्यातलं या कामाला काय उपयोगी पडेल ते. शाळेतला ‘महोदय, विनंती अर्ज करतो की’ हा साचा सोडा, पत्र एका पानाच्या आत संपवा आणि वेगळी फाइल मागितली नसेल तर ईमेलमध्येच लिहा. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

खरा घोळ आहे तो शीर्षकातल्या दोन वाक्यांत. पुण्यातल्या एका लहान कंपनीत अकाउंट्सच्या जागांसाठी बाहेरगावाहून येणारे अर्ज मी वाचते. दहातल्या नऊ पत्रांत शेवटची ओळ तीच असते: ‘पुण्यात यायची माझी तयारी आहे.’ पत्र इंग्रजीत असेल तर ‘विलिंग टू रिलोकेट’. लिहिणाऱ्याला वाटतं, झालं, सांगितलं. वाचणारीला यातून काहीही कळत नाही. तयारी आहे म्हणजे मनाची तयारी आहे. ती नसती तर तुम्ही पुण्याला अर्ज केलाच नसता. मला हवी आहे ती दुसरी, झालेली तयारी: कोणत्या तारखेला येणार, राहणार कुठे, पहिला पगार हातात पडेपर्यंत टिकणार कसे.

हे इतकं बारकाईने का बघायचं? एका मुलाची आम्ही निवड केली. नांदेड भागातला, हुशार, टॅलीवर हात बसलेला. ठरल्या तारखेला आलाही. मित्राच्या खोलीवर उतरला होता. आठव्या दिवशी खोलीच्या मालकाला कळलं की खोलीत एक माणूस जास्त आहे, नवव्या दिवशी मुलगा नांदेडच्या गाडीत बसला. तोवर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आम्ही नकार कळवून टाकला होता. त्याच्या मनाच्या तयारीत काहीच खोट नव्हती. खोली तेवढी नव्हती.

आता एक पत्र जवळून बघू. बार्शीची एक मुलगी, बी.कॉम., तिथल्या एका कर सल्लागाराकडे दोन वर्षं काम केलेली. बाणेरच्या एका वितरक कंपनीला अर्ज करत होती आणि पाठवण्याआधी तो मला दाखवत होती. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलं होतं:

‘बार्शीसारख्या लहान शहरात प्रगतीला वाव नसल्यामुळे मला पुण्यात यायचे आहे. मी कुठेही, केव्हाही रुजू होण्यास तयार आहे. संधी दिल्यास तिचे सोने करीन.’

सोनं बाजूला ठेवा. मला सगळ्यांत खटकतं ते ‘केव्हाही’. सध्या नोकरीत असलेली मुलगी केव्हाही कशी येईल? म्हणजे आताच्या मालकाला न सांगता निघणार, आणि उद्या नव्या कंपनीतूनही तशीच निघणार. ‘कुठेही’ तर त्याहून वाईट. त्याचा अर्थ बाणेर पुण्यात नेमकं कुठे आहे हे बघितलेलंच नाही. आणि गावाला नावं ठेवून शहराचं मन जिंकता येत नाही. त्याच बार्शीत दोन वर्षं विवरणपत्रं भरली म्हणून तर तिच्या अर्जाला वजन होतं.

तिला मी चार प्रश्न विचारले आणि तिची उत्तरं होती तशी लिहायला सांगितली. दुसरा खर्डा असा झाला:

‘सध्याच्या कार्यालयात मला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. आपले नियुक्तीपत्र मिळाल्याच्या दिवशी मी ती देईन. शेवटचा आठवडा २० तारखेच्या आधी आल्यास त्या महिन्यात भरायचे जीएसटीआर-३बी भरून निघेन, म्हणजे रुजू व्हायला जास्तीत जास्त पाच आठवडे लागतील. कर्वेनगरला माझी मावसबहीण कॉट बेसिसवर राहते. तिच्या वसतिगृहात जागा मिळते याची मी चौकशी केली आहे. तिथून बाणेरला बसने येणे-जाणे मी एकदा करून पाहिले आहे. मुलाखतीसाठी तीन दिवस आधी कळवल्यास प्रत्यक्ष येऊ शकेन.’

‘तयारी’ हा शब्द यात एकदाही नाही. आणि २० तारखेचा उल्लेख बघा. दरमहा जीएसटीचं विवरणपत्र भरणाऱ्यांची ३बीची मुदत पुढच्या महिन्याची २० असते. ती गाठून निघणारी मुलगी नव्या कंपनीचंही काम अर्धवट टाकून जाणार नाही, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र इथे उलट बाजूचीही चूक होते. ‘झालेली तयारी’ म्हणजे आधीच डिपॉझिट भरून खोली घेऊन ठेवणं नव्हे. नियुक्तीपत्र हातात नसताना पैसे अडकवू नका. नोकरी हिंजवडीला मिळाली आणि खोली हडपसरला असली तर रोज शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावं लागेल. चौकशी झालेली असावी, व्यवहार नको. तसंच मित्राचा पुण्यातला पत्ता बायोडेटावर टाकण्याची जी टूम निघाली आहे, ती मला अजिबात पसंत नाही. ४१३ चा पिनकोड बघून अर्ज बाजूला पडेल अशी भीती असते, म्हणून ४११ चा लिहायचा. मग फोन येतो, ‘उद्या अकराला येऊन जा,’ आणि हा बार्शीच्या स्टँडवर. खोटा पत्ता तिथेच उघडा पडतो. खरा पत्ता लिहा आणि वरच्यासारखा परिच्छेद पत्रात दुसऱ्याच क्रमांकावर घ्या, शेवटी नको. पिनकोड बघून मनात आलेल्या शंकेला उत्तर लगेच मिळायला हवं.

पैशांबद्दल पत्रात एक शब्दही नको, पण हिशोब स्वतःशी करून ठेवा. आमच्याकडे हजेरी २५ तारखेला बंद होते आणि पगार ७ ला होतो. म्हणजे २६ जुलैला रुजू झालेल्याच्या हातात पहिला पगार ७ सप्टेंबरला पडतो. तोवरचे सहा आठवडे कॉटचं भाडं, डिपॉझिट, डबा आणि बसपास हे सगळं घरून आणलेल्या पैशांत भागवायचं. मुलाखतीत ‘पहिला महिना कसा काढाल?’ असं मी हमखास विचारते. त्यावर ‘ॲडजस्ट करू’ म्हणणारे पुष्कळ असतात.

घरच्या परवानगीचं काय, हा प्रश्न मुली हटकून विचारतात. पत्रात ‘माझ्या पालकांची संमती आहे’ असं लिहू नये. सज्ञान माणूस नोकरी मागतोय, सहलीला निघालेला नाही. पण घरी बोलणं मात्र अर्ज धाडण्याआधी झालेलं असावं. निवड झाल्यावर ‘बाबांना विचारून सांगते’ असा फोन आला की मी यादीतलं पुढचं नाव शोधायला लागते.

बार्शीच्या मुलीला फोन गेला तेव्हा कंपनीने विचारलं, ‘पाच आठवड्यांचे तीन होतील का?’ ती म्हणाली, ‘सरांना विचारून संध्याकाळी कळवते.’ संध्याकाळी तिने चार सांगितले, आणि चारच ठरले.