झुलत्या पुलाच्या केबलचं गणित: H = wL²/8d आलं कुठून

केबल दोन टोकांना बांधली आणि तिच्यावर सगळीकडे सारखं वजन आलं तर आकार काय होतो, असं विचारलं की निम्मे लोक पॅराबोला म्हणतात आणि निम्मे कॅटेनरी. दोन्ही बरोबर असू शकतं, फक्त ते सारखं वजन कशावर मोजलंय ते आधी ठरवायला लागतं. केबलच्या स्वतःच्या लांबीवर सारखं (म्हणजे नुसती साखळी लटकतेय) तर कॅटेनरी, आणि खाली आडव्या अंतरावर सारखं (म्हणजे केबलला हँगर लावून सपाट रस्ता टांगलाय) तर पॅराबोला. हा फरक लोकांच्या लक्षात यायला बराच काळ गेला, आणि पुलाचा ताण काढायला तो वापरायला त्याहून जास्त.

गॅलिलिओने 1638 च्या पुस्तकात लिहिलं की लटकती साखळी पॅराबोलाच्या अगदी जवळ जाते आणि साखळी जितकी ताणून सपाट कराल तितकी जास्त जवळ जाते. हे निरीक्षण चांगलंच होतं, पण बऱ्याच जणांनी त्यातून साखळी म्हणजे पॅराबोलाच असा अर्थ घेतला. 1646 मध्ये ख्रिस्तियान हॉयगेन्सने, वय फक्त 17, फ्रेंच गणितज्ञ मर्सेनला पत्र लिहून दाखवलं की नुसती साखळी पॅराबोला असूच शकत नाही, पण सारखी वजनं आडव्या दिशेने सारख्या अंतरावर लटकवली तर मात्र पॅराबोला मिळतो. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर पायरी वाटते, कारण पुलाचं उत्तर यातच आलं होतं आणि तेव्हा असा पूल कुणी बांधतही नव्हतं. साखळीचं खरं समीकरण पुढे 1691 मध्ये लाइबनिझ, हॉयगेन्स आणि योहान बर्नुली यांनी दिलं. मग सगळ्यांचं लक्ष कॅटेनरीकडेच गेलं आणि पॅराबोला बाजूला पडला.

तो परत आला पुलामुळेच. 1794 मध्ये सेंट पीटर्सबर्गला गणितज्ञ निकोलाउस फुसने नेवा नदीवरच्या झुलत्या पुलाच्या कल्पनेसाठी हे गणित मांडलं. तिकडे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जेम्स फिन्ली, हा काही गणितज्ञ नव्हता, त्याने 1801 मध्ये जेकब्स क्रीकवर लोखंडी साखळ्यांचा सपाट रस्त्याचा पूल बांधला, स्पॅन, म्हणजे दोन टॉवरमधलं अंतर, साधारण 70 फूट. फिन्ली दोरीला वजनं लावून बघायचा, त्यावरून साखळीची लांबी आणि हँगरची उंची काढायचा, आणि झोल, म्हणजे साखळी टोकांपेक्षा मध्ये जेवढी खाली येते ते अंतर, स्पॅनच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका ठेवायचा. हा सातवा हिस्सा का चांगला ते खालच्या सूत्रात घालून बघितलं तर कळतं.

सूत्र काढायला कॅल्क्युलस लागत नाही. स्पॅन L, मधला झोल d, आडव्या दर फुटावर वजन w. केबल मधोमध कापली असं समजा, तिथे ती सपाट असते म्हणून तिथला ताण पूर्ण आडवा, त्याला H म्हणू. आता अर्ध्या पुलाचं वजन wL/2, ते टॉवरपासून L/4 अंतरावर आहे असं धरायचं. टॉवरच्या टोकाभोवती मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर, घेतला की H × d = (wL/2) × (L/4), म्हणजे

```
H = wL² / (8d)
Tmax = √(H² + (wL/2)²)
S ≈ L [1 + (8/3)(d/L)²]
```

यात Tmax म्हणजे केबलमधला सगळ्यात जास्त ताण आणि S म्हणजे केबलची लांबी. हँगर उभेच ओढतात, आडवं काही लावत नाहीत, म्हणून H पूर्ण केबलमध्ये सारखाच राहतो. उभा भाग मात्र मध्ये शून्य आणि टॉवरपाशी wL/2 होतो, त्यामुळे सगळ्यात जास्त ताण टॉवरपाशी. फिन्लीचा d = L/7 घातला तर H पूर्ण वजनाच्या 0.875 पट आणि Tmax जवळपास बरोब्बर पूर्ण वजनाइतका येतो. म्हणजे 20 टनाचा पूल असेल तर सगळ्या साखळ्यांना मिळून टॉवरपाशी 20 टन, हे डोक्यात ठेवायला किती सोपं!

आता खरी गोष्ट, वेल्समधला मेनाई पूल. इंजिनियर थॉमस टेलफर्डचा, स्पॅन 579 फूट, 16 साखळ्या, 30 जानेवारी 1826 ला सुरू झाला. टेलफर्डचा आधीचा आराखडा जास्त सपाट होता, आणि डेव्हिस गिल्बर्ट, जो खासदार होता आणि गणितही जाणायचा, त्याने हिशोब करून सांगितलं की एवढ्या कमी झोलात साखळ्यांवर ताण फार येईल, झोल वाढवा. टेलफर्डने वाढवला, शेवटी सुमारे 43 फूट झाला. गिल्बर्टने 1826 मध्ये रॉयल सोसायटीत यावर पेपर आणि तक्ते छापले.

43 फुटांनी काय मिळालं ते बघू. H = 579/(8×43), म्हणजे पूर्ण वजनाच्या 1.68 पट, आणि टॉवरपाशी 1.76 पट. समजा झोल 30 फूटच ठेवला असता तर हाच आकडा 2.46 पट झाला असता, म्हणजे तेवढ्याच पुलाला साधारण 40 टक्के जास्त लोखंड लागलं असतं, आणि लोखंड जास्त म्हणजे परत वजन जास्त. उलट झोल वाढवायची किंमत टॉवरच्या उंचीत आणि थोड्या साखळीत. 43 फूट झोलाला साखळीची लांबी 579 च्या वर फक्त साडेआठ फुटांच्या आसपास.

पण हीच गोष्ट उलटीकडून त्रास देते. लांबी जरा बदलली की झोल खूप बदलतो, प्रमाण 3L/16d, इथे साधारण अडीच पट. तापमान 30 अंशांनी वाढलं तर 587 फूट लोखंड साधारण अडीच इंच वाढतं आणि पुलाचा मध्य सहा इंचाहून जास्त खाली येतो, आणि यात टॉवरमागच्या साखळ्यांची वाढ धरलेलीच नाही. म्हणून झोल कुणी मोजून दिला तर आधी विचारायचं की मोजताना तापमान किती होतं. आणि सपाट केबलमध्ये हा पट अजून वाढतो, तिथे थंडीत ताण झपाट्याने चढतो.

कॅटेनरी घेतली असती तर? मेनाईच्या मापात, तेवढ्याच झोलाला, दोन्ही वक्रांमधला जास्तीत जास्त फरक जेमतेम एक इंच येतो. खऱ्या पुलात साखळीचं वजन लांबीवर आणि रस्त्याचं आडव्या अंतरावर, त्यामुळे खरा वक्र या दोघांच्या मध्येच कुठेतरी. एवढ्या कमी झोलात पॅराबोला धरायला काहीच हरकत नाही, झोल मोठा असेल तर मात्र परत हिशोब करावा.

खरी मर्यादा वेगळीच आहे. हे सगळं w पूर्ण स्पॅनवर सारखा असेल तरच. अर्ध्याच पुलावर गाड्या आल्या की केबल त्या बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर जाते, कारण केबलला स्वतःचा कडकपणा नसतो. मेनाईचा लाकडी डेक तर इतका हलका आणि लवचीक होता की 1839 च्या वादळात त्याचं मोठं नुकसान झालं, साखळ्यांच्या ताणाच्या हिशोबात वाऱ्याचा विचारच नव्हता. या असमान वजनासाठी स्कॉटिश इंजिनियर रँकिनने 1858 मध्ये कडक गर्डर जोडून वजन पूर्ण केबलवर पसरवायची पद्धत मांडली. म्हणजे केबलला तिचा पॅराबोला टिकवता यावा, म्हणून पुलाचा खालचा भाग जड आणि ताठ करायला लागला.